काजूगर किलोमागे ५८ रुपयांनी महाग का पडला? मालकाला लिहावयाच्या एका पत्राची गोष्ट

जून महिन्याचा हिशेब जुलैच्या पहिल्या आठवड्यात मालकाच्या टेबलावर येतो. काजू कारखान्याच्या मालकाची नजर त्यात सर्वप्रथम एकाच आकड्यावर जाते, तो म्हणजे एक किलो काजूगर तयार करण्यास आलेला खर्च. हंगामाच्या आरंभी तो ६४० रुपये धरलेला होता. कागदावर मात्र ६९८ रुपये २५ पैसे दिसतात. मालक कारखान्यात एक फेरी मारतो, बी फोडणाऱ्या आणि गर सोलणाऱ्या स्त्रियांच्या रांगांकडे पाहतो आणि आपल्या मनाशी निष्कर्ष काढून मोकळा होतो: बायकांचे हात मंदावले आहेत, मजुरी वाढली आहे, तेव्हा माणसे कमी करावयास हवीत.

परिव्यय लेखापालाचे, म्हणजे बोलीभाषेत ज्याला आपण कॉस्ट अकाउंटंट म्हणतो त्याचे, खरे काम येथे सुरू होते. आकडे त्याने आधीच काढलेले असतात. आता ते मालकाला समजतील आणि पटतील अशा पत्रात त्याला मांडावयाचे असतात. असे पत्र कसे तयार होते, हे गोवा, चंदगड आणि बेळगाव परिसरातील वाचकांना परिचित असलेल्या काजूच्याच धंद्यातील उदाहरणाने पाहू. कारखाना व त्याचे आकडे समजावून सांगण्यासाठी कल्पिलेले आहेत. टरफलांच्या विक्रीचे उत्पन्न सोयीसाठी बाजूला ठेवले आहे, आणि बीची सर्व वजने सुकवणीनंतरची आहेत. सुकताना होणारी घट भावातच धरली आहे.

प्रथम ६४० रुपये कोठून आले ते पाहिले पाहिजे. हा ‘प्रमाण खर्च’ होय. सर्व काही रीतीप्रमाणे चालले तर एका किलोला किती खर्च यावा, याचा हंगामापूर्वी बांधलेला हा अंदाज असतो. चांगल्या बीतून चौथा हिस्सा गर निघतो असे धरले, तर एक किलो गरासाठी चार किलो बी लागते. १२० रुपये भावाने तिचे ४८० रुपये होतात. फोडणे, सोलणे आणि प्रतवारी मिळून दीड तासाचे काम, तासाला ६० रुपये, म्हणजे मजुरी ९० रुपये. लाकूडफाटा, वीज व डब्यांचे २० रुपये. उरले ते कारखान्याचे स्थिर खर्च: भाडे, व्याज, मुकादमाचा व कारकुनाचा पगार, विमा. ते महिन्याला ५ लाख आहेत, आणि महिन्याला १०,००० किलो गर निघेल असे धरल्याने किलोवर ५० रुपये पडतात. एकूण ६४०.

जूनमध्ये प्रत्यक्षात ८,००० किलो गर निघाला आणि त्यावर ५५ लाख ८६ हजार रुपये खर्च झाले. येथे एक चूक अगदी सहज होते. दहा हजार किलोचा मूळ अंदाज ६४ लाखांचा होता आणि खर्च तर ५६ लाखांच्याही आत राहिला, तेव्हा आठ लाखांहून अधिक बचत झाली, असे कोणी म्हणू लागतो. तुलना करावयाची ती प्रत्यक्ष निघालेल्या मालाशी. आठ हजार किलोला ६४० रुपयांप्रमाणे ५१ लाख २० हजार यावयास हवे होते. म्हणजे ४ लाख ६६ हजार रुपये अधिक लागले, आणि किलोमागे ५८ रुपये २५ पैसे. पत्रात स्पष्ट करावयाची तफावत एवढीच आहे, याहून कमी नाही आणि जास्तही नाही.

आता सर्वांत मोठ्या बाबीकडे, म्हणजे बीकडे वळू. मेच्या अखेरीस मालकाने पावसात सापडलेल्या बीचा एक मोठा लॉट घेतला. १२० च्या ऐवजी ती ११२ रुपयांत पडली. जूनभर हीच बी वापरली गेली, एकूण ३६,००० किलो. किलोमागे ८ रुपये वाचले, म्हणजे २ लाख ८८ हजारांचा फायदा. मालक या व्यवहारावर खूश आहे आणि त्याच्या वहीत तो फायदाच दिसतो. परंतु आठ हजार किलो गरासाठी ३२,००० किलो बी पुरेशी असावयास हवी होती. ४,००० किलो अधिक लागली, कारण चार किलोंच्या जागी साडेचार किलो बी फोडल्यावर एक किलो गर हाती आला. प्रमाण भावाने या जादा बीची किंमत ४ लाख ८० हजार होते. त्यातून वाचलेले २ लाख ८८ हजार वजा केले, तरी १ लाख ९२ हजारांचा तोटा उरतो.

पाठ्यपुस्तके पहिल्या रकमेला किंमत विचरण आणि दुसरीला वापर विचरण म्हणतात. पहिलीपुढे ‘अनुकूल’ व दुसरीपुढे ‘प्रतिकूल’ असे लिहितात. मराठीची विद्यार्थिनी म्हणून मला या दोन शब्दांविषयी थोडी तक्रार आहे. ‘अनुकूल’ म्हटले की वाचणाऱ्याला तो कोणाचा तरी पराक्रम वाटतो आणि ‘प्रतिकूल’ म्हटले की कोणाचा तरी अपराध. खरेदी विभागाच्या नावे शाबासकी आणि फोडणीच्या खात्याच्या नावे ठपका, असा अर्थ मालक लावतो. वास्तविक ही एकाच निर्णयाची दोन टोके आहेत. म्हणून पत्रात त्यांना वेगवेगळ्या परिच्छेदांत बसवू नये. एकाच वाक्यात एकत्र आणावे.

पण गर कमी निघाला तो बीमुळेच, हे कशावरून? मालक हा प्रश्न विचारणारच, आणि त्याने विचारलाही पाहिजे. बी वाईट नसून फोडताना गर टरफलात राहिला असेल, सोलताना चुरा वाया गेला असेल, किंवा माल परस्पर बाहेर गेला असेल. आकड्यांच्या कागदावरून हे कळणार नाही. त्यासाठी गोदामात जावे लागते. त्याच लॉटच्या शिल्लक पोत्यांपैकी काही पोती निवडून, वरून, मधून आणि तळातून थोडी थोडी बी काढावयाची, ती एकत्र मिसळून एक किलो मोजून घ्यावयाची, समोर बसून फोडावयाची, गर वाळवून साल काढून तोलावयाचा. काजूच्या व्यापारात खरेदीपूर्वी अशाच प्रकारची कट टेस्ट करतात आणि ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल या भाषेत तिचा निकाल सांगतात. आपल्या उदाहरणात अशा दहा नमुन्यांतून किलोमागे सरासरी २२३ ग्रॅम गर निघाला. कारखान्यात तो २२२ ग्रॅम निघाला होता. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असल्याने गर फोडणीच्या टेबलावर हरवलेला नाही, तो बीतच नव्हता, हे सिद्ध होते. नमुन्यात २५० ग्रॅम निघून कारखान्यात २२२ निघाले असते, तर हेच पत्र अगदी वेगळे लिहावे लागले असते.

मालकाच्या मनातील खरा मुद्दा मजुरीचा. प्रमाणाप्रमाणे १२,००० तास लागावयास हवे होते, हजेरीत १४,००० तास लागले. शिवाय महागाई भत्त्याच्या फेररचनेमुळे तासाचा दर ६० वरून ६२ झाला. दरवाढीचे २८ हजार होतात; त्यात मुकादमाचा किंवा मजुरांचा काही संबंध नाही. उरतात ते दोन हजार जादा तास, प्रमाण दराने १ लाख २० हजारांचे. मालकाला यांतच आळस दिसतो. लेखापालाने हे तास एकगठ्ठा पत्रात टाकले, तर मालकाचा समज आयताच पक्का होईल. तेव्हा ते उलगडले पाहिजेत.

फोडणीचे काम गरावर नव्हे, बीवर ठरते. चार किलो बी फोडावयास पाऊण तास हे प्रमाण आहे. चार हजार किलो बी अधिक फोडावी लागली, तिला ७५० तास लागले. यांत कोणाचा हात मंद झालेला नाही, उलट कमी गरासाठी अधिक श्रम पडले. पुढचे ६५० तास मुकादमाच्या रोजच्या नोंदवहीत सापडतात. बी पुरती सुकली नसल्याने वाफवणीची घाणी उशिरा निघाली आणि स्त्रिया टेबलापाशी बसून राहिल्या. हजेरी लागली, काम नव्हते. उरले ६०० तास, ३६ हजार रुपयांचे. ओलसर हवेत गराची साल चिकटून बसते आणि सोलणी मंदावते, तसेच जूनमध्ये काही नव्या स्त्रिया कामावर आल्या होत्या. या दोहोंचा वाटा किती, हे नोंदींवरून सांगता येत नाही. मजुरांच्या वेगाविषयी काही प्रश्न उरलाच तर तो एवढ्याच रकमेपुरता, म्हणजे ५८ रुपयांपैकी साडेचार रुपयांपुरता.

स्थिर खर्चाचा भाग मालकांना सर्वांत अवघड जातो, असे माझ्या परिचयातील एका जुन्या लेखापालांचे म्हणणे आहे. भाडे आणि व्याज वाढलेले नाही. विजेचा स्थिर आकार आणि किरकोळ दुरुस्ती मिळून १० हजार तेवढे वाढले. तरीही किलोवरचा बोजा ५० वरून ६३ रुपये ७५ पैशांवर गेला, कारण तोच खर्च दहाऐवजी आठ हजार किलोंवर वाटला गेला. दोन हजार किलोंचे किलोमागे ५० रुपयांप्रमाणे १ लाख रुपये असे न वाटलेले राहिले. हे एक लाख कोणाला जादा दिलेले पैसे नव्हेत. मजूर कमी करून ते परत येत नाहीत, आणि माणसे कमी केल्याने माल आणखी घटला तर बोजा वाढतोच. या लाखाचेही दोन भाग होतात. ३६,००० किलो बीतून रीतीप्रमाणे ९,००० किलो गर निघाला असता. म्हणजे एक हजार किलोंची घट बीच्या दर्जामुळे, आणि दुसऱ्या हजाराची घट ४०,००० ऐवजी ३६,००० किलोच बी चालवली गेल्यामुळे. लाकूडफाट्यावर १६ हजार अधिक गेले, ते सुकवणीच्या भट्टीत.

एवढे झाल्यावर खात्यांप्रमाणे मांडलेल्या रकमा पुन्हा कारणांप्रमाणे लावता येतात. लॉटच्या बीमुळे झालेला निव्वळ तोटा १ लाख ९२ हजार, जादा फोडणी ४५ हजार, बसून राहिलेले तास ३९ हजार, लाकूडफाटा १६ हजार आणि कमी गरामुळे न वाटलेला स्थिर खर्च ५० हजार. बेरीज ३ लाख ४२ हजार. ४ लाख ६६ हजारांतील जवळजवळ तीन चतुर्थांश भाग एका खरेदीतून आला आहे, आणि ती खरेदी ज्याला पत्र लिहावयाचे त्यानेच केली आहे.

या टप्प्यावर पुष्कळ लेखापालांची लेखणी अडखळते. कर्मणी प्रयोग मदतीला धावतो: ‘कमी दर्जाच्या बीची खरेदी करण्यात आली.’ कोणी केली, हे वाक्यातून नाहीसे होते. दुसऱ्या टोकाला जाऊन ‘आपल्या चुकीच्या खरेदीमुळे’ असे लिहिणेही न्याय्य नाही, कारण खरेदीच्या दिवशी मालकापुढे कट टेस्टचा निकाल नव्हता. तो कोणीच मागितला नव्हता, आणि लेखापालाने सुचवलाही नव्हता. त्याने स्वतःचा हा वाटा पत्रात कबूल केला, तर बाकीचे ऐकून घेणे मालकाला सोपे जाते. पत्र साधारण असे होईल:

«मा. शेठ,

स. न. वि. वि.

जून महिन्यात काजूगराचा खर्च किलोमागे ६४० रुपयांऐवजी ६९८ रुपये २५ पैसे आला. वाढलेल्या ५८ रुपये २५ पैशांपैकी ४२ रुपये ७५ पैसे मेअखेर आपण घेतलेल्या बीच्या लॉटमुळे आहेत, असे माझ्या तपासणीत आढळले.

ही बी किलोमागे ८ रुपयांनी स्वस्त मिळाली व त्यातून गरावर किलोमागे ३६ रुपये वाचले. परंतु चार किलोंऐवजी साडेचार किलो बी लागल्याने ६० रुपये गेले. निव्वळ तोटा २४ रुपये. शिल्लक पोत्यांतून आपल्या मुकादमासमक्ष दहा नमुने फोडले. त्यांतही गर किलोला २२३ ग्रॅमच निघाला. त्यामुळे कारखान्यात माल वाया गेला किंवा बाहेर गेला, असे मानण्यास आधार नाही.

याच बीमुळे फोडणीचे काम वाढले, सुकवणीअभावी ६५० तास मजूर बसून राहिले, लाकूड अधिक जळले आणि माल कमी निघाल्याने स्थिर खर्चाचा बोजा वाढला. या सर्वांचे मिळून १८ रुपये ७५ पैसे होतात.

उरलेल्या साडेपंधरा रुपयांत साडेतीन रुपये महागाई भत्त्याचे, सव्वासहा रुपये कमी बी चालवल्याने वाढलेल्या स्थिर बोजाचे आणि सव्वा रुपया विजेचा स्थिर आकार व दुरुस्तीचा आहे. साडेचार रुपये सोलणीला लागलेल्या अधिक वेळाचे आहेत. त्यात दमट हवेचा वाटा किती व नव्या मजुरांचा किती, हे आज सांगता येत नाही. जुलैत नव्या मजुरांची नोंद वेगळी ठेवत आहे. या आकड्यांवरून मजूर कमी करावेत असे मी सुचवू शकत नाही.

साडेचार किलोला एक किलो गर देणारी बी, केवळ बीच्या खर्चाचा विचार केला तरी, १०६ रुपये ६७ पैशांपेक्षा महाग घेणे आपणास परवडत नाही. खरेदीपूर्वी कट टेस्ट घ्यावी हे मी मे महिन्यातच सुचवावयास हवे होते. यापुढे प्रत्येक लॉटचा निकाल व त्यावरून परवडणारा भाव सौद्यापूर्वी आपणाकडे पाठवीन. गोदामात याच लॉटची किती पोती शिल्लक आहेत, त्याची यादी सोबत आहे. जुलैचा खर्चही यामुळे ६४० वर येणार नाही, याची कल्पना असावी.

कळावे,
आपला विश्वासू»

पत्रातील १०६ रुपये ६७ पैशांचा आकडा कसा आला, हे सांगावयास हवे. एक किलो गरामागे बीवर ४८० रुपये खर्च करण्याची आपली तयारी आहे; ४८० ला साडेचारने भागले की हा भाव मिळतो. मालकाने घासाघीस १२० आणि ११२ यांच्यामध्ये केली. खरा सौदा १०६ च्या आसपास व्हावयास हवा होता, आणि फोडणी, सुकवणीचा जादा खर्च धरला तर त्याहूनही खाली. मागच्या महिन्याचे विश्लेषण मालक वाचून बाजूला ठेवील. हा एक आकडा मात्र तो पुढच्या सौद्याला खिशात घेऊन जाईल.

पत्र धाडण्यापूर्वी लेखापालाने स्वतःलाही एक शंका विचारावी: चुकले ते प्रमाण तर नव्हे? १२० हा भाव हंगामाच्या आरंभी धरलेला होता. मेअखेर चांगल्या बीचा बाजारभावच ११० पर्यंत उतरला असेल, तर ११२ रुपयांची खरेदी स्वस्त ठरत नाही आणि पत्रातील ‘३६ रुपये वाचले’ हे वाक्य खोटे ठरते. म्हणून खरेदीच्या दिवशीचा बाजारभाव शोधावा लागतो. आपल्या उदाहरणात तो १२१ होता असे समजू. त्या भावाने चांगली बी घेतली असती तर गराच्या किलोमागे ४८४ रुपये पडले असते. स्वस्त बीने ५०४ पडले. त्याचप्रमाणे चौथा हिस्सा गर हे प्रमाण कोरड्या हंगामातील स्थानिक बीवरून बांधलेले असते. बाहेरून आणलेल्या किंवा पावसात सापडलेल्या बीला तेच माप लावून दर महिन्याला तोटा मोजत राहणे म्हणजे मजुरांना अशक्य परीक्षेला बसवणे होय. अशा बीसाठी वेगळे प्रमाण ठरवावे, पण पुढील महिन्यापासून. मागच्या महिन्याचे माप मागाहून बदलू नये, नाहीतर कोणत्याही हिशेबात तफावत उरणारच नाही.

एक गोष्ट मात्र या संपूर्ण हिशेबात कोठेच दिसत नाही. खराब बीचा गर फुटतोही जास्त. अख्खा गर आणि तुकडा यांच्या विक्रीभावात मोठे अंतर असते, पण खर्चाच्या कागदावर किलो तो किलोच. ६९८ रुपयांचा गर बाजारात काय भावाने जाणार, हे प्रतवारीच्या नोंदवहीत असते, आणि ती वही बहुधा विक्रीच्या खात्याकडे असते. पत्रासोबत तिचे जूनचे पान जोडले, तर मालकाला त्या लॉटची पुरती किंमत कळेल.